छताला ओल आली आहे: प्लंबरला निरोप पाठवण्यापूर्वी काय पाहावे आणि निरोपात काय लिहावे

वरच्या मजल्यावर बाथरूम आणि त्याच्या खालच्या खोलीच्या छताला ओलीचा डाग, ही प्लंबरकडे येणाऱ्या तक्रारींपैकी अतिशय फसवी तक्रार आहे. बेसिनखालचा पाईप टपकत असेल तर तो डोळ्यांना दिसतो, हाताला ओला लागतो आणि प्लंबरला तिथे पोहोचल्यावर काय करायचे ते लगेच कळते. छतावरच्या डागाचे तसे नसते. गळणारी जागा टाइल्सखाली, भिंतीत किंवा स्लॅबच्या आत दडलेली असते आणि पाणी जिथून निसटते तिथेच ते खाली उतरेल याची खात्री नसते. अशा वेळी ‘बाथरूम लीक होत आहे, लवकर या’ एवढाच निरोप गेला, तर प्लंबर येतो, दोन-चार नळ सोडून पाहतो, त्या अर्ध्या तासात काहीच टपकत नाही, आणि मग अंदाजाने एखादी टाइल फोडायची की नुसतेच परत जायचे, एवढेच दोन मार्ग त्याच्यापुढे उरतात. हे टाळायचे असेल तर त्याच्या हाती आधीच एक गोष्ट पोहोचायला हवी: कोणते पाणी वापरल्यावर ओल वाढते आणि किती वेळाने वाढते.

या लेखात हीच एक तक्रार घेऊन, तिचा निरोप कसा तयार करावा हे सुरुवातीपासून पाहू. घर आपले एकट्याचे असेल तर सर्व पायऱ्या आपल्या हातात असतात. वरचे घर दुसऱ्या कुणाचे असेल तर याच चाचण्या त्यांच्या सहकार्याने कराव्या लागतात, आणि त्या वेळी एकाने वर पाणी सोडायचे, दुसऱ्याने खाली छताकडे लक्ष ठेवायचे, अशी फोनवरून वाटणी केली की काम सोपे होते.

निरोप नव्हे, फोन करण्याची वेळ

काही लक्षणे दिसली तर निरीक्षण, फोटो आणि निरोप हे सगळे नंतर. पाणी थेंब-थेंब न पडता धार लागली असेल, तर प्रथम पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करावा आणि प्लंबरला सरळ फोन लावावा. डाग दिव्याच्या, पंख्याच्या किंवा स्विचच्या जवळ पोहोचला असेल, तर त्या भागाचा वीजपुरवठा मुख्य बोर्डावरून बंद करावा आणि ओल्या जागेतील कोणत्याही बटणाला हात लावू नये. छताचे प्लास्टर किंवा खोटे छत फुगून खाली लोंबू लागले असेल, तर त्याखाली कुणीही थांबू नये, अगदी फोटोसाठीही नाही. पाण्याला मैल्याचा वास येत असेल तर वरचे कमोड वापरणे तत्काळ थांबवावे आणि ही गोष्ट फोनवर पहिल्याच वाक्यात सांगावी, कारण ते काम वेगळे आहे आणि त्याला लागणारी तयारीही वेगळी आहे.

यांपैकी काहीच नसेल तर आपल्याकडे एक-दोन दिवसांचा अवधी आहे आणि तो चांगला वापरता येतो.

प्लंबर मनात काय पडताळत असतो

बाथरूमशी संबंधित पाणी साधारण तीन वाटांनी स्लॅबमध्ये शिरते. पहिली वाट दाबाखालच्या पाईपांची, म्हणजे टाकीपासून किंवा मुख्य जोडणीपासून नळांपर्यंत येणाऱ्या पाईपांची. त्यांत चोवीस तास पाणी भरलेले असते, त्यामुळे तिथली गळती कुणी बाथरूम वापरो अथवा न वापरो, चालूच राहते. दुसरी वाट सांडपाण्याच्या पाईपांची: कमोडचा, बेसिनचा आणि जमिनीवरचे पाणी वाहून नेणाऱ्या नहाणी ट्रॅपचा. त्यांत वापराच्या वेळीच पाणी असते, म्हणून गळतीही वापरानंतरच दिसते आणि काही वेळाने थांबते. तिसरी वाट टाइल्सच्या सांध्यांची आणि त्यांखालच्या वॉटरप्रूफिंगची. जमिनीवर किंवा भिंतीवर पडलेले पाणी सांध्यांतून झिरपत जाते, पण ते हळू जाते. त्यामुळे ओल कित्येक तासांनी वाढते आणि बाथरूम बंद ठेवले तरी दिवसचे दिवस सुकत नाही.

या तिघांत एक अपवाद आहे आणि तो पुष्कळांना चकवतो. गरम-थंड पाणी मिसळणाऱ्या मिक्सर नळापासून किंवा पाणी शॉवरकडे वळवणाऱ्या डायव्हर्टरपासून वर शॉवरकडे जाणारा, भिंतीत गाडलेला उभा पाईप स्वच्छ पाण्याचाच असतो, पण शॉवर सुरू केला तरच त्यात पाणी चढते. तो पाईप किंवा त्याच्या टोकाचा सांधा गळत असेल, तर लक्षणे सांडपाण्याच्या गळतीसारखी दिसतात: आंघोळ झाली की ओल, एरवी काही नाही. अशा वेळी ट्रॅप उखडून पुन्हा बसवला जातो, टाइल्सचे सांधे नव्याने भरले जातात, आणि पुढच्या आंघोळीला छत पुन्हा टपकते. हे टाळण्याची साधी चाचणी पुढे दिली आहे.

छताची प्रत्येक ओल बाथरूमचीच असते असेही नाही. पाऊस पडल्यावरच डाग वाढत असेल तर बाहेरची भिंत किंवा गच्ची तपासावी लागते, म्हणून शेवटचा पाऊस केव्हा झाला हे निरोपात यायला हवे. छताच्या पृष्ठभागावर सर्वत्र बारीक दव जमत असेल आणि त्याला ठळक कडा नसेल, तर ती हवेतील वाफ असण्याची शक्यता अधिक.

पहिली पायरी: डागाला कडा आखणे

छतावर जिथे ओल संपते तिथे पेन्सिलने रेघ काढावी आणि शेजारी वार व वेळ लिहावी. शाई किंवा मार्कर वापरू नये, कारण त्याचा डाग नव्या रंगातूनही वर येऊ शकतो. दुसऱ्या दिवशी ओल रेघेबाहेर गेली तर नवी रेघ काढायची. ‘डाग वाढतो आहे असे वाटते’ हे वाक्य प्लंबरच्या उपयोगाचे नाही. ‘रविवारी रात्रीपासून सोमवारी सकाळपर्यंत डाग खिडकीच्या बाजूला चार बोटे सरकला’ हे उपयोगाचे आहे, आणि रेघांमुळे ते फोटोतही दिसते.

थेंब पडत असतील तर त्यांखाली मापाचे भांडे ठेवून दहा मिनिटांत किती पाणी जमले ते पाहावे. थेंब मोजण्यापेक्षा हे बरे, कारण थेंब लहान-मोठे असतात आणि मोजताना चूक होते. जमलेले पाणी स्वच्छ आहे की गढूळ, साबणाचा फेस किंवा वास आहे की नाही, हेही तेव्हाच पाहून घ्यावे. मात्र स्लॅबमधून उतरलेले पाणी चुन्या-सिमेंटचा अंश घेऊन येते, म्हणून थोडा पांढुरकेपणा दिसला तर त्यावरून ते सांडपाणी आहे असा निष्कर्ष काढू नये.

दुसरी पायरी: काहीही न वापरता पाहणे

शक्य असेल तर एक रात्र ते बाथरूम पूर्ण बंद ठेवावे. रात्री शेवटचा वापर झाल्यावर कडा आखायची आणि सकाळी कुणी नळ उघडण्यापूर्वी पुन्हा पाहायचे. रात्रभर कुणी काही वापरले नाही आणि तरी डाग वाढला किंवा थेंब चालू राहिले, तर संशय दाबाखालच्या पाईपांकडे जातो. डाग तसाच राहिला किंवा थोडा फिकट झाला, तर तो संशय बराच कमी होतो.

याच रात्री पाण्याच्या मीटरची मदत घेता येते. घरातील सर्व नळ बंद करून, फ्लश टँकला पाणी देणारा अँगल कॉकही बंद करून मीटरचा आकडा टिपावा आणि तासाभराने पुन्हा पाहावा. फ्लश टँकचा कॉक बंद करण्याला महत्त्व आहे, कारण टँकमधून कमोडमध्ये नकळत पाणी उतरत असेल तरीही मीटर फिरतो आणि आपण नसलेली गळती शोधत बसतो. पाणी आधी टाकीत चढून मग घरात येत असेल, तर मीटर टाकी भरण्यापुरतेच बोलतो, घरातल्या पाईपांचे काही सांगत नाही. अशा वेळी टाकीत येणारे पाणी बंद करून आतल्या पाण्याच्या पातळीची खूण करावी आणि सकाळी ती पुन्हा पाहावी. मोठ्या टाकीत थोड्या गळतीने पातळीत पडणारा फरक डोळ्यांना दिसणार नाही, त्यामुळे पातळी उतरली तर गळती नक्की, पण उतरली नाही म्हणून गळती नाहीच असे म्हणता येत नाही. निरोपात या चाचणीचा निकाल तेवढ्याच सावधपणे लिहावा.

तिसरी पायरी: एका वेळी एकच पाणी

आता सांडपाण्याच्या वाटा आणि शॉवर एकेक करून तपासायचे. नियम दोनच आहेत. एका वेळी एकच गोष्ट वापरायची, आणि पुढच्या चाचणीपूर्वी किमान दोन तास छताकडे लक्ष ठेवून थांबायचे. बहुतेक लोक घाईत पाऊण तासात सगळे नळ सोडून पाहतात आणि मग टपकलेला थेंब कशाचा हे कुणालाच सांगता येत नाही.

क्रमही ठरलेला असावा. आधी कमोड: काही मिनिटांच्या अंतराने तीन-चार वेळा फ्लश करून थांबावे. मग बेसिन: निचऱ्याचे भोक बंद करून ते पूर्ण भरावे आणि एकदम सोडावे, कारण बारीक धारेपेक्षा भरलेल्या पाईपमधली फट लवकर उघडी पडते. मग नहाणी ट्रॅप: जाळी काढून दोन बादल्या पाणी थेट भोकात ओतावे, आजूबाजूच्या टाइल्स ओल्या होऊ न देता. यासाठी मोठे नरसाळे किंवा जाड नळीचा तुकडा वापरला तर बरे पडते.

त्यानंतर शॉवर, आणि येथे थोडी युक्ती लागते. शॉवरची जाळी तशीच ठेवून तिच्याभोवती एक लांब, मजबूत प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधावी, पिशवीचे खालचे टोक कापून ते बादलीत सोडावे, आणि मग पाच मिनिटे शॉवर चालवावा. भिंत आणि जमीन दोन्ही कोरड्या राहिल्या पाहिजेत. अनेक शॉवरमधून मिनिटाला सहा ते दहा लिटर पाणी पडते, त्यामुळे दोन-तीन बादल्या हाताशी ठेवाव्यात आणि शक्यतो सोबत दुसरे माणूस असावे. बादल्यांतले पाणी त्या बाथरूममध्ये न ओतता दुसरीकडे न्यावे. शॉवरची जाळी काढून चाचणी करू नये. जाळीमुळे पाण्याला अडथळा होतो, भिंतीतल्या पाईपमध्ये थोडा दाब तयार होतो, आणि तो दाबच फट दाखवतो. या चाचणीत छत टपकले, तर पाणी टाइल्सवर पडलेच नव्हते हे उघड आहे, म्हणजे गळती भिंतीतल्या शॉवरच्या पाईपमध्ये आहे असे मानायला सबळ कारण मिळते. घरी गरम आणि थंड अशी वेगळी पाईप असतील तर चाचणी आधी थंड पाण्याने करावी आणि मग गरम पाण्याने, कारण गरम झाल्यावर पाईप प्रसरण पावतो आणि एखादा सांधा तेवढ्यापुरताच सैल होतो.

भिंतीवर आणि जमिनीवर पाणी मारण्याची चाचणी सर्वांत शेवटी ठेवावी. टाइल्सखाली शिरलेले पाणी तिथे दिवसचे दिवस मुरून राहते आणि ते एकदा आत गेले की त्यानंतरच्या कुठल्याही चाचणीवर विश्वास ठेवता येत नाही. आधी फक्त भिंतीच्या टाइल्सवर तांब्याने पाणी ओतावे, दुसऱ्या दिवशी फक्त जमिनीवर, आणि छताकडे दोन तास नव्हे तर पुढचा सबंध दिवस लक्ष ठेवावे.

सगळ्या चाचण्या झाल्याच पाहिजेत असे नाही. वेळ कमी असेल तर रात्रीचे निरीक्षण आणि पिशवी बांधून केलेली शॉवरची चाचणी या दोन तरी कराव्यात. माझ्या मते छताच्या ओलीत प्लंबरचा सर्वाधिक वेळ वाचवणाऱ्या याच दोन आहेत.

चौथी पायरी: फोटो

फोटो काढण्यापूर्वी पाणी पुसू नये आणि फुगलेला रंग खरवडू नये. पहिला फोटो खोलीच्या दारातून घ्यावा, ज्यात डाग, जवळची भिंत, खिडकी किंवा दिवा एकत्र दिसतील. नुसता डागाचा जवळून घेतलेला फोटो पाहून तो छताच्या कोणत्या कोपऱ्यात आहे हे समजत नाही, आणि प्लंबरला सर्वांत आधी तेच हवे असते. दुसऱ्या फोटोत पूर्ण डाग आणि पेन्सिलच्या रेघा याव्यात, शेजारी मोजपट्टी धरलेली असावी. तिसरा अगदी जवळून, जिथे थेंब लोंबतो आहे किंवा पोपडा सुटला आहे तिथला.

फ्लॅशने ओल सपाट आणि फिकट दिसते. त्याऐवजी फ्लॅश बंद करून, दुसऱ्या फोनचा टॉर्च छताला समांतर, बाजूने धरावा. तिरक्या उजेडात फुगवटे आणि पोपडे सावलीसह उठून दिसतात, आणि ओला भाग कोरड्या भागापेक्षा गडद आणि चकाकता दिसतो.

मग वरच्या बाथरूमचा दारातून एक फोटो, ज्यात शॉवर, मिक्सर, कमोड आणि नहाणी ट्रॅप कुठे आहेत ते कळेल. खालचा डाग वर नेमका कुठे येतो हे सांगण्यासाठी दोन्ही मजल्यांवर सारखीच असलेली एखादी गोष्ट धरावी, जसे बाहेरची भिंत किंवा जिना, आणि तिथपासूनचे अंतर खाली आणि वर मोजावे. त्या जागी फोटोवर बाण काढला की एका नजरेत काम होते. मिक्सरचा जवळून एक फोटो द्यावा, म्हणजे कोणत्या प्रकारचे सुटे भाग लागतील याचा त्याला अंदाज येतो. कुठे उघडा पाईप असेल तर त्यावर छापलेली अक्षरे वाचता येतील असा फोटो काढावा, कारण पाईपचा प्रकार आणि जाडी तिथेच लिहिलेली असते. शेवटी ज्या व्हॉल्व्हने त्या बाथरूमचे पाणी बंद होते त्याचा फोटो.

थेंब पडत असताना पंधरा-वीस सेकंदांचा एक व्हिडिओ घ्यावा आणि फोन हलवू नये. एकूण सहा-सात फोटो आणि एक व्हिडिओ पुरेसे आहेत. वीस-पंचवीस फोटो पाठवले की त्यांतला महत्त्वाचा फोटो नेमका पाहायचा राहतो. प्रत्येकाला क्रमांक द्यावा आणि मजकुरात तोच क्रमांक वापरावा. अॅपमधून पाठवताना फोटो आक्रसून अस्पष्ट होत असतील, तर पाईपवरच्या अक्षरांचा फोटो तरी मूळ दर्जात पाठवावा.

निरोप लिहिताना

एक उदाहरण घेऊ. एका घरात खालच्या खोलीच्या छताला बाहेरच्या भिंतीलगत डाग आला. घरातल्यांचा पहिला समज असा, की नहाणी ट्रॅप फुटला आहे, कारण ओल आंघोळीनंतरच दिसत होती. रात्रभर बाथरूम बंद ठेवल्यावर डाग वाढला नाही. फ्लश, बेसिन आणि ट्रॅपमध्ये थेट ओतलेले पाणी, यांपैकी कशानेच छत ओले झाले नाही. पिशवी बांधून पाच मिनिटे शॉवर चालवला, आणि बंद केल्यावर साधारण दहा मिनिटांनी पहिला थेंब पडला. त्यांनी प्लंबरला पाठवायचा निरोप असा होईल:

> नमस्कार. आमच्या खालच्या खोलीच्या छतातून पाणी टपकते. वर बाथरूम आहे. शॉवर वापरणे बंद केल्यापासून टपकणे थांबले आहे, त्यामुळे तातडी नाही. जवळ दिवा किंवा वायर नाही.
>
> काय दिसते: डाग सुमारे दीड फूट लांब आणि एक फूट रुंद, बाहेरच्या भिंतीलगत. मधोमध रंग फुगला आहे. पाणी स्वच्छ, वास किंवा फेस नाही. टपकत असताना १० मिनिटांत सुमारे ५० मिली जमले. (फोटो १ ते ३, व्हिडिओ)
>
> केव्हा होते: तीन आठवड्यांपूर्वी प्रथम दिसले. फक्त शॉवरने आंघोळ केल्यावर होते. बादलीने आंघोळ केली तेव्हा झाले नाही. या काळात पाऊस नव्हता.
>
> काय तपासले: रात्रभर काही न वापरता डाग वाढला नाही. फ्लश, बेसिन आणि ट्रॅपमध्ये ओतलेले पाणी वेगवेगळे तपासले, प्रत्येकानंतर दोन तास थांबलो, काही झाले नाही. शॉवरला पिशवी बांधून, भिंत-जमीन कोरडी ठेवून, पाच मिनिटे थंड पाणी सोडले. बंद केल्यावर साधारण १० मिनिटांनी थेंब सुरू झाले आणि अर्ध्या तासाने थांबले. गरम पाण्याने आणि टाइल्सवर पाणी मारून तपासलेले नाही.
>
> जागा: डागाचा मध्य बाहेरच्या भिंतीपासून एक फूट. वर त्याच ठिकाणी शॉवरची भिंत येते, फोटो ४ मध्ये बाण काढला आहे. मिक्सर फोटो ५, उघडा पाईप फोटो ६, व्हॉल्व्ह फोटो ७. व्हॉल्व्ह फिरतो, पण पूर्ण बंद होत नाही.
>
> आधीचे काम: दोन वर्षांपूर्वी मिक्सर बदलला होता. टाइल्सना हात लावलेला नाही. त्याच टाइल्स थोड्या शिल्लक आहेत.
>
> आपण याल तेव्हा घरी माणूस असेल आणि पाणी सुरू असेल. येण्यापूर्वी काय कोरडे ठेवावे, भिंत फोडावी लागली तर गवंडी आपण आणता की आम्ही बोलवावा, आणि कोणती वेळ सोयीची आहे, हे कृपया कळवावे.

या निरोपात ‘ट्रॅप फुटला आहे’ किंवा ‘शॉवरचा पाईप गेला आहे’ असे कुठेही म्हटलेले नाही, आणि ते मुद्दाम आहे. आपण निदान लिहिले की ऐकणारा त्या दिशेने विचार करू लागतो, तेवढ्याच कामाचे सामान घेऊन येतो आणि आपल्या अंदाजाचे ओझे त्याच्यावर पडते. काय केले आणि काय झाले एवढेच लिहिले, तर निष्कर्ष तो स्वतः काढतो आणि त्याचा निष्कर्ष आपल्यापेक्षा चांगला असण्याची शक्यता मोठी असते. उदाहरणार्थ, दोन वर्षांपूर्वी मिक्सर बदलला हे एक वाक्य घरातल्यांना बिनमहत्त्वाचे वाटेल. प्लंबर मात्र त्यावरून ताडतो, की मिक्सर बसवताना शॉवरच्या पाईपचा सांधा फिरवला गेला असावा आणि तो तिथूनच गळत असावा.

‘गरम पाण्याने आणि टाइल्सवर पाणी मारून तपासलेले नाही’ हे वाक्यही तितकेच कामाचे आहे. जे तपासले नाही ते गाळले, तर वाचणारा ते तपासून झाले असे धरतो. व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही हे आधी कळले, तर तो येताना व्हॉल्व्हही आणेल किंवा टाकीपासून पाणी बंद करण्याची तयारी ठेवेल. अन्यथा काम अर्धवट सोडून दुकानात जावे लागेल. मात्र जुना, अडकलेला व्हॉल्व्ह चाचणीसाठी जोर लावून फिरवू नये. तो तुटला तर घरभर पाणी होईल. ‘अडकला आहे, जोर लावला नाही’ एवढे लिहिणे पुरते.

सर्व मजकूर एकाच निरोपात लिहावा आणि त्यालाच लागून फोटो पाठवावेत. तुकड्या-तुकड्यांनी पाठवलेले दहा निरोप इतर कामांच्या निरोपांत विखुरतात. बोलून पाठवायची सवय असेल तरी वेळा आणि मापे लिहूनच द्यावीत, कारण बाहेर काम करताना प्लंबर ध्वनिमुद्रित निरोप पुन्हा पुन्हा ऐकू शकत नाही, पण लिहिलेली ओळ तो शिडीवर उभा असतानाही पाहू शकतो. लांबी या उदाहरणाएवढी झाली तरी हरकत नाही, पण पहिल्या दोन-तीन ओळींत काय गळते, कुठे, आणि तातडी आहे की नाही हे आलेच पाहिजे.

भेटीपर्यंत

प्लंबर येईपर्यंत डागावर रंग लावू नये, टाइल्सच्या सांध्यांत सिलिकॉन किंवा पांढरे सिमेंट भरू नये. त्याने गळती थांबत नाही, फक्त तिची वाट बदलते आणि आपल्या सर्व नोंदी निरुपयोगी होतात. पेन्सिलच्या रेघा तशाच राहू द्याव्यात. आदल्या दिवसापासून शॉवर बंद ठेवावा, म्हणजे त्याने शॉवर सुरू केल्यावर नवा थेंब कधी पडला हे स्पष्ट दिसेल. टाकी मात्र भरलेली हवी, कारण पाणीच नसेल तर गळती पुन्हा घडवून दाखवता येणार नाही. डागाखालचे सामान हलवून शिडी लावण्याइतकी जागा मोकळी करावी.

मधल्या काळात काही बदलले, म्हणजे डाग दिव्याकडे सरकला किंवा शॉवर बंद असूनही टपकू लागले, तर त्याच संवादात एक ओळ जोडावी: वार, वेळ, काय बदलले, नवा फोटो. शॉवर बंद असताना टपकू लागले तर आधीचा सगळा तर्क बदलतो, कारण मग चोवीस तास दाबाखाली असणाऱ्या पाईपांचा संशय पुन्हा पुढे येतो, आणि प्लंबरने ठरवलेली वेळही त्याला कदाचित अलीकडे आणावी लागेल.

चाचण्यांत फक्त टाइल्सवर पाणी पडल्यावर, कित्येक तासांनी ओल वाढली असे दिसले, तर निरोपाच्या शेवटी सरळ विचारावे, की हे काम ते स्वतः करतात की वॉटरप्रूफिंग करणाऱ्याला बोलवावे. सगळे प्लंबर हे काम घेत नाहीत, आणि ते आधीच कळले तर प्लंबरची एक भेट आणि आपला एक दिवस दोन्ही वाचतात.